सात नंबरच्या टेबलावर कोण कोण?

न्यू जर्सीतल्या हॉलचा मॅनेजर रिसेप्शनच्या आठवडाभर आधी फोन करतो आणि यादी मागतो. घरचे तत्परतेने पाहुण्यांची यादी पाठवतात. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन येतो. त्याला ही यादी नको असते. किती माणसं येणार हा आकडा त्याच्याकडे असतोच. त्याला हवं असतं ते असं: टेबल 1 वर किती खुर्च्या, कोणाकोणाच्या, त्यातली जैन ताटं किती, बाळाची उंच खुर्ची लावायची की नाही, मग टेबल 2, मग टेबल 3. पाहुण्यांची यादी माणसं सांगते, आणि हॉलला टेबलं कळतात.

आपल्याकडच्या कार्यालयात हा प्रश्न फारसा येत नाही. पंगतीत ज्याला जिथे पान दिसेल तिथे तो बसतो, एक पंगत उठली की दुसरी बसते, आणि बुफे असेल तर ताट घेऊन कुठेही. अमेरिकेतल्या हॉलमधलं रिसेप्शन मात्र एकाच बैठकीचं असतं. संध्याकाळभर प्रत्येक माणसाची एक खुर्ची ठरलेली असते. स्टार्टर त्याच टेबलावर येतात, बुफे असला तरी टेबलांचे नंबर पुकारून एकेका टेबलाला उठवलं जातं, आणि वेगळी ताटं थेट जागेवर पोचवली जातात. पुण्या-मुंबईतही शंभर-सव्वाशे माणसांची छोटी रिसेप्शनं आता अशी होऊ लागली आहेत, त्यामुळे पुढे सांगितलेली पद्धत तिथेही तशीच लागू पडते.

यादी टेबलवार करायची म्हणजे नावं उचलून चौदा कागदांवर लिहायची, असं अनेक जण समजतात आणि तसंच करतात. पहिल्या दिवशी ते जमतंही. मग एक कुटुंब येत नाही म्हणून कळवतं, दुसरं एक माणूस वाढवतं, आणि चौदा कागदांपैकी तीन चुकीचे होतात. कोणते तीन, ते सापडत नाही. म्हणून जाणकार माणूस टेबलवार कागद लिहीतच नाही. तो एकच यादी नीट बांधतो आणि सगळे कागद त्या यादीतून काढतो. खरं काम आहे ते यादी बांधण्याचं.

घर मोजायचं की माणूस

आमंत्रण घराला जातं, म्हणून मूळ यादी घरांची असते. त्यातली निम्मी पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असते. समजा, सात नंबरच्या टेबलासाठी आईने लिहून पाठवलं: ‘देशपांडे कुटुंब 4, नानाकाका आणि काकू 2, केतन आणि त्याच्याबरोबरचं एक, शहांकडचे तिघं, जैन.’ (नावं अर्थात उदाहरणापुरती.) वाचताना हे चार ओळींचं सुटसुटीत टेबल वाटतं. बेरीज केली की अकरा होतात, आणि टेबल दहाचं आहे.

टेबल दहाचं का, हेही पाहून घेऊ, कारण इथे हॉल आणि घरचे यांच्यात नेहमी ओढाताण होते. हॉलमधली गोल टेबलं बहुधा 60 इंची किंवा 72 इंची असतात. 72 इंच व्यासाच्या टेबलाचा घेर सुमारे 226 इंच. दहा माणसं बसवली तर प्रत्येकाला साडेबावीस इंच कड मिळते. ताट, ग्लास आणि कोपर यांना ती पुरते. बारा बसवली तर एकोणीस इंचही मिळत नाहीत. 60 इंची टेबलावर आठ जण आरामात बसतात आणि दहा जणांची तीच एकोणीस इंचांची दाटी होते. हॉल ‘बाराही बसतात’ म्हणतो ते खोटं नसतं, पण भरजरी साड्या नेसलेल्या बायका आणि खुर्च्यांना अडकवलेल्या पर्सा त्या हिशोबात नसतात.

तर पहिलं काम म्हणजे घरांच्या ओळी फोडून माणसांच्या ओळी करायच्या. प्रत्येक माणसाला, अगदी अकरा महिन्यांच्या बाळालाही, स्वतःची एक ओळ. रकाने सहाच पुरतात: अनुक्रमांक, घर, नाव, येणार की नाही, जेवण, टेबल. देशपांडे कुटुंब तेव्हा असं दिसतं:

```
क्र.,घर,नाव,येणार,जेवण,टेबल
41,देशपांडे,मिलिंद,होय,शाकाहारी,7
42,देशपांडे,अनघा,होय,शाकाहारी,7
43,देशपांडे,ईशान,होय,मांसाहारी,7
44,देशपांडे,तारा,होय,ताट नको,7
```

चौथी ओळ पाहा. तारा हे बाळ आहे. तिला ताट लागणार नाही, पण उंच खुर्ची लागणार, आणि ती खुर्ची टेबलाच्या कडेची जागा मोठ्या माणसाएवढीच खाते. म्हणून ‘4’ या एका आकड्यात खरं तर दोन आकडे दडलेले असतात: खुर्च्या चार, ताटं तीन. घराच्या ओळीत हे दोन आकडे वेगळे करता येत नाहीत, माणसाच्या ओळीत आपोआप होतात. आपल्या उदाहरणात सात नंबरवर अकरा खुर्च्या आणि दहा ताटं झाली. ताटं मोजणारा म्हणेल बसतंय. खुर्च्या मोजणारा म्हणेल बसत नाही. खरा दुसरा.

मार्ग सोपा आहे. केतन आणि त्याच्याबरोबरचं माणूस नऊ नंबरच्या टेबलावर त्याच्या मित्रांत जातात. तिथे सात जण होते, ते नऊ होतात. सात नंबरवर नऊ खुर्च्या आणि आठ ताटं उरतात. यादीत यासाठी काय बदललं? फक्त दोन सेल. केतनच्या आणि सोबत्याच्या ओळीत 7 च्या जागी 9. बाकी कशालाही हात लावला नाही. हे एवढ्यावर भागणं, हाच माणसागणिक ओळ लिहिण्याच्या कंटाळवाण्या कामाचा मोबदला.

नावाच्या रकान्याबद्दल एक सांगायला हवं. आईच्या लेखी जे ‘नानाकाका’, त्यांना दारावरची स्वयंसेवक मुलगी त्या नावाने ओळखत नाही, आणि ते स्वतःही कागदावर ‘नानाकाका’ शोधणार नाहीत. म्हणून यादीत त्यांचं खरं नाव हवं. घरात चालणारं नाव हवं तर शेजारी आणखी एका रकान्यात ठेवावं, म्हणजे पुण्याशी फोनवर बोलताना कोणाबद्दल चाललंय ते कळेल. आणि ‘सोबतचं एक’ याला नाव मिळेपर्यंत ‘केतनसोबत’ असं लिहून ठेवावं. ती ओळ रिकामी सोडली तर ती खुर्ची पुढच्या सगळ्या मोजणीतून गायब होते.

रिकाम्या सेलचा घोळ

घरांची यादी माणसांची करताना बहुतेक जण टेबल नंबर घराच्या पहिल्या ओळीत लिहितात आणि खालच्या ओळी मोकळ्या ठेवतात. कोणी त्या सेल एकत्र करून, मर्ज करून, मधोमध एकच 7 लिहितो. डोळ्यांना ते छान दिसतं, कारण माणूस वरचा 7 खालच्या तिघांना लागू आहे असं समजून घेतो. शीट समजून घेत नाही. मर्ज केलेल्या सेलमध्ये आकडा फक्त वरच्या सेलचा असतो, खालच्या रिकाम्या असतात. मर्ज असेल तर ते सोडवून, खालच्या सेल रिकाम्याच ठेवून टेबलाप्रमाणे सॉर्ट केलं की घरातला कर्ता पुरुष सात नंबरवर जातो आणि बायको-मुलं यादीच्या तळाशी, बिनटेबलाची.

एक्सेलमध्ये हे दुरुस्त करायची पद्धत ठरलेली आहे. आधी मर्ज सोडवायचं. मग टेबलाचा रकाना निवडून Ctrl+G दाबायचं, Special मध्ये जाऊन Blanks निवडायचं. सगळ्या रिकाम्या सेल एकदम निवडल्या जातात. आता = टाईप करायचं, वरच्या बाणाची कळ दाबायची आणि Ctrl+Enter. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये तिच्या वरचा आकडा येतो. पण काम इथे संपत नाही. या सेलमध्ये सध्या आकडा नसून ‘माझ्या वरच्या सेलमध्ये जे असेल ते’ असा फॉर्म्युला आहे. असंच सॉर्ट केलं तर वरची सेल बदलते आणि माणसाचं टेबलही बदलतं. म्हणून तो रकाना कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवायचा, म्हणजे तिथे नुसता 7 राहील.

दुसरा धोका सॉर्ट करतानाचा आहे, आणि तो याहून वाईट, कारण तो दिसत नाही. टेबलाचा एकच रकाना निवडून सॉर्ट केलं तर एक्सेल विचारतं: Expand the selection की Continue with the current selection? घाईत दुसरं निवडलं तर टेबलांचे नंबर ओळीने लागतात, पण नावं जागची हलत नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्याच कोणाचं तरी टेबल मिळतं. प्रत्येक टेबलाची संख्या मात्र बरोबर राहते, म्हणून बेरजेच्या तपासणीत काहीच सापडत नाही. ओळखायची खूण एकच: घरं फुटलेली दिसतात. शहांचे तिघं तीन टेबलांवर दिसले तर सॉर्ट चुकलंय, लगेच Ctrl+Z. फाईल सेव्ह करून बंद केली असेल तर जुनी प्रत हाच उपाय. मोठ्या बदलाआधी फाईलची एक प्रत काढून ठेवायची ती यासाठी.

सात, ‘7’ आणि ७

आता यादी तयार आहे. हिच्यातून टेबलांचा तक्ता काढायचा. वेगळ्या पानावर पहिल्या रकान्यात 1 ते 14 आकडे लिहायचे, शेजारी त्या टेबलावरच्या खुर्च्या, आणि त्याच्या शेजारी नावं. यादीच्या पानाचं नाव `Yadi` आहे असं धरू. तिथे D रकान्यात येणार की नाही, E मध्ये जेवण आणि F मध्ये टेबल. खुर्च्या मोजायचा फॉर्म्युला असा:

```
=COUNTIFS(Yadi!$F$2:$F$300,A2,Yadi!$D$2:$D$300,"होय")
```

आणि नावं एकाखाली एक आणायचा असा:

```
=TEXTJOIN(CHAR(10),TRUE,
 FILTER(Yadi!$C$2:$C$300,
 (Yadi!$F$2:$F$300=A2)*(Yadi!$D$2:$D$300="होय")))
```

पहिला म्हणतो: ज्यांचं टेबल हे आहे आणि जे येणार आहेत, ते मोज. दुसरा म्हणतो: त्यांचीच नावं काढ आणि प्रत्येक नाव नव्या ओळीवर ठेव. त्या सेलला Wrap Text लावलं की नावं खाली खाली दिसतात. गूगल शीट्समध्ये आणि 2021 नंतरच्या एक्सेलमध्ये दोन्ही चालतात. एखादं टेबल अजून रिकामं असेल तर नावांच्या जागी चूक दाखवली जाते; घाबरू नये, त्या टेबलावर कोणी नाही एवढाच तिचा अर्थ.

एकाच यादीतून खुर्च्या आणि नावं अशा दोन वाटांनी काढलेले आकडे जुळायलाच हवेत. जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा एकच कारण असतं. आपल्या डोळ्यांना सात हा सातच दिसतो. शीटच्या लेखी तीन वेगळे सात असतात. एक खरा आकडा. दुसरा, आकड्यासारखा दिसणारा पण मजकूर म्हणून साठवलेला 7. कुठून तरी चिकटवलेल्या यादीत तो येतो, किंवा रकाना आधीच Text म्हणून ठरवलेला असेल तर. तिसरा, मराठी कीबोर्डवर टाईप केलेला ७. पुण्याहून आलेल्या ओळींत तो हमखास सापडतो, आणि शीट त्याला अक्षर मानतं.

एक्सेलमध्ये याचा गमतीदार परिणाम होतो. COUNTIFS मजकुरातल्या ‘7’ लाही सात समजून मोजतो, पण FILTER मधली तुलना कडक असते, ती त्याला वगळते. म्हणून सात नंबरसमोर खुर्च्या 9 आणि नावं 8 दिसतात. मराठी ७ मात्र दोघांच्याही हातून सुटतो. तो माणूस खुर्च्यांतही नसतो आणि नावांतही नसतो. शिवाय मजकूर झालेले आकडे सॉर्ट केले तर क्रम 1, 10, 11, 12, 13, 14, 2, 3 असा लागतो, कारण शब्दांसारखं पहिलं चिन्ह आधी पाहिलं जातं. कागद या क्रमाने छापलेले दिसले तर आकडे आकडे नाहीत हे लगेच ओळखावं. शीटवरही एक खूण असते: मुद्दाम बदललं नसेल तर खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या.

नजरेवर विसंबायचं नसेल तर यादीच्या शेजारच्या मोकळ्या रकान्यात हा फॉर्म्युला ओढून घ्यावा:

```
=IF(D2="होय",ISNUMBER(F2),"")
```

येणाऱ्या प्रत्येक माणसासमोर TRUE यायला हवं. FALSE आलं तर त्याचं टेबल रिकामं आहे किंवा आकडा नाही; दोन्ही आजार एकाच तपासणीत सापडतात.

आपलं उदाहरण पुढे नेऊ. चौदा टेबलं, प्रत्येकी दहा, म्हणजे 140 जागा. यादीत ‘होय’ म्हटलेले 126. टेबलांच्या तक्त्यातल्या खुर्च्यांची बेरीज केली तर येते 124. दोन माणसं कुठे गेली? FALSE शोधले तर दोन ओळी निघतात. एक, शहांच्या मुलीची, जिच्या टेबलाची सेल मर्ज सोडवल्यावर भरायची राहून गेली होती. दुसरी, पुण्याच्या एका आत्यांची, ज्यांच्यासमोर ११ आहे. दोन सेल दुरुस्त केल्या की बेरीज 126. ही बेरीज जुळेपर्यंत एकही कागद छापायचा नाही. जुळल्यावरही 14 जागा मोकळ्या राहतात, आणि त्या मुद्दाम ठेवायच्या असतात. आयत्या वेळी कोणी भावाला घेऊन आलं तर त्याला त्याच टेबलावर जागा मिळते.

दारावरचा कागद आणि कॅप्टनचा कागद

एकाच यादीतून निघणारे कागद दोन दिशांनी वाचले जातात, आणि एकाने दुसऱ्याचं काम करून घ्यायला गेलं की दारात रांग लागते. दारावर येणाऱ्या पाहुण्याला स्वतःचं नाव माहीत असतं, टेबल नसतं. त्याच्यासाठी नावांच्या क्रमाने लावलेली यादी हवी, शेजारी टेबल नंबर. टेबलवार कागद त्याच्या हातात दिला तर त्याला चौदा पानं चाळावी लागतील. हॉलमध्ये वाढप्यांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनचं उलट. त्याला टेबल माहीत असतं, नावं नसतात. त्याला हवा टेबलवार कागद, एका टेबलाला एक.

दारावरच्या यादीत आडनाव आधी लावावं, आणि सगळी नावं एकाच लिपीत असावीत. अर्धी देवनागरीत आणि अर्धी इंग्रजी अक्षरांत असतील तर सॉर्टमध्ये इंग्रजी अक्षरातली सगळी आधी आणि देवनागरीतली सगळी नंतर असे दोन ढीग होतात, आणि जोशी दोन्हींकडे सापडतात. देवनागरीतच ठेवायची असतील तर छापण्याआधी क्षीरसागर कुठे गेलेत ते पाहावं. ‘क्ष’ वर्णमालेच्या शेवटी म्हणून आपण तळाशी शोधतो, पण क्ष म्हणजे क् आणि ष अशी गणती झाली तर ते कुलकर्ण्यांच्या जवळपास बसलेले असतात.

कॅप्टनचे कागद एक्सेलमध्ये Subtotal वापरून एका फटक्यात वेगळे होतात. यादीची एक प्रत घ्यायची. तिच्यातून न येणाऱ्यांच्या ओळी काढायच्या. आधी टेबल, मग घर, मग नाव अशा क्रमाने सॉर्ट करायचं, म्हणजे टेबलावर घरं एकत्र राहतील. मग Data मधल्या Subtotal मध्ये At each change in साठी टेबल निवडायचं, Use function मध्ये Count, Add subtotal to मध्ये नाव, आणि खाली Page break between groups वर खूण. प्रत्येक टेबल वेगळ्या पानावर जातं आणि नावांखाली त्याची संख्या येते. Page Layout मधल्या Print Titles मध्ये पहिली ओळ ठरवून दिली की रकान्यांची शीर्षकं चौदाही पानांवर छापली जातात. Subtotal पुसट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर यादी एक्सेलच्या Table स्वरूपात आहे. Convert to Range करून मग प्रयत्न करावा.

कागद पुण्यात बसलेल्या भावाने तयार केला असेल तर त्याचं पान ए-फोरचं असतं, सुमारे 11.7 इंच उंचीचं. अमेरिकेतल्या प्रिंटरमध्ये लेटर कागद असतो, बरोबर 11 इंचांचा. त्या पाऊण इंचात शेवटची एखादी-दुसरी ओळ पुढच्या पानावर सांडते, आणि कॅप्टनच्या हातात एका टेबलाची दोन पानं पडतात. छापायच्या आधी कागदाचा आकार Letter करून एकदा प्रिव्ह्यू पाहिला की भागतं.

स्वयंपाकघरासाठी तिसरा कागद लागतो, एकाच पानाचा: टेबल उभ्या ओळीने, जेवणाचे प्रकार आडवे, आणि चौकटीत आकडे. सात नंबरसमोर जैन 3 दिसलं की ती तीन ताटं कुठे जायची हे आचाऱ्याला विचारावं लागत नाही. यासाठी पिव्हट टेबल सर्वांत सोपं. फक्त लक्षात ठेवायचं की वरचे फॉर्म्युले यादी बदलली की स्वतःहून बदलतात. एक्सेलमधलं पिव्हट मात्र Refresh म्हटल्याशिवाय जुनंच दाखवत राहतं. त्याच पिव्हटमध्ये ‘7’ नावाचे दोन गट दिसले तर मजकुरातला सात अजून कुठेतरी शिल्लक आहे.

किल्ल्यांची नावं

टेबलांना नुसते नंबर देण्याऐवजी नावं द्यायची हौस आता खूप दिसते. मराठी घरात रायगड, सिंहगड, राजगड, तोरणा ठरलेले. हौस जरूर करावी, पण यादीतल्या टेबलाच्या रकान्यात किल्ल्याचं नाव लिहू नये. कोणी ‘सिंहगड’ लिहितं, कोणी ‘सिंव्हगड’, आणि शीटच्या लेखी ती दोन टेबलं होतात. शिवाय हॉलचे वाढपी नंबरावर चालतात. त्यांच्या नकाशावर सिंहगड नसतो. यादीत 7 च ठेवावा, आणि ‘7 म्हणजे सिंहगड’ हे टेबलांच्या तक्त्यात एकदाच लिहावं. छापताना दोन्ही: ठळक नंबर, खाली किल्ला.

नंबरही स्वतः ठरवण्याआधी हॉलचा नकाशा मागून घ्यावा. तेरा अशुभ म्हणून काही ठिकाणी बारानंतर थेट चौदा येतो, आणि मग तुमचा तेरा त्यांचा चौदा होतो. एकदा नंबर ठरले की मधलं टेबल काढलं तरी पुढच्यांचे नंबर सरकवू नयेत. आठ रिकामं झालं तर आठ रिकामं राहू द्यावं; नऊचा आठ केला तर नऊ जणांचे सेल बदलावे लागतात आणि त्यातला एक हमखास सुटतो.

छापल्यानंतर

छपाईच्या आदल्या दिवशीपर्यंत एकच नियम पाळायचा: कागद दुरुस्त करायचा नाही, यादी दुरुस्त करायची. कोणी फोनवर ‘आमच्यात एक कमी’ म्हणालं की त्याच्या ओळीत ‘होय’चं ‘नाही’ करायचं. ओळ पुसायची नाही, कारण उद्या तो येतो म्हणाला तर त्याचं टेबल आणि जेवण तिथेच सापडलं पाहिजे. नवं माणूस वाढलं तर यादीच्या शेवटी पुढचा अनुक्रमांक देऊन नवी ओळ लिहायची. प्रत्येक बदलानंतर तक्ता पाहायचा: एखाद्या टेबलाची संख्या दहाच्या वर गेली नाही ना, आणि बेरीज ‘होय’च्या संख्येएवढी आहे ना.

मग एक वेळ ठरवून टाकायची, म्हणजे समजा शुक्रवार रात्री नऊ, आणि तीच वेळ प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छापायची. दारावरच्या, कॅप्टनच्या आणि स्वयंपाकघरातल्या कागदांवर वेगवेगळ्या वेळा दिसल्या तर जुना कागद कुठेतरी फिरतोय हे तिथल्या तिथे कळतं.

त्या वेळेनंतर मात्र नियम उलटा होतो. शनिवारी दुपारी कोणी आयत्या वेळी आलं नाही, कोणाची बहीण अचानक आली, तर लॅपटॉप उघडून यादी बदलण्यात अर्थ नाही. हॉलमधल्या कोणाच्याच हाती ती यादी नाही. तेव्हा बदल पेनाने करायचा, आणि दोन ठिकाणी करायचा: दारावरच्या यादीत आणि त्या टेबलाच्या कॅप्टनच्या कागदावर. जेवण वेगळं असेल तर तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात. हे काम एकाच माणसाकडे द्यावं, आणि तो नवरा-नवरीच्या घरातला नसावा, कारण घरच्या प्रत्येकाला त्या संध्याकाळी दुसरीकडे कोणीतरी बोलावत असतं.

हे पेनाने केलेले बदल रात्री हॉलच्या बिलाच्या वेळीही उपयोगी पडतात. हॉल ठरवून दिलेल्या संख्येचे पैसे घेतोच, कमी माणसं आली तरी. वाद होतो तो वर आलेल्यांवर: हॉल म्हणतो आठ जास्त, घरचे म्हणतात पाच. खाडाखोड केलेले चौदा कागद समोर ठेवले की वाढलेली पाच नावं कोणत्या टेबलावर बसली हे दाखवता येतं, आणि त्यांच्यासमोर कमी झालेली तीनही.